बुधवारी अकराला, मामा

आमच्या ऑफिसात मला एकच गोष्ट टिकवायची होती. चार वाजता निघणं.

गोटी सात महिन्यांची झाली तेव्हा मी कामावर परतले. पाळणाघरातल्या ताई साडेचारनंतर चेहऱ्यावर कुलूप लावतात, आणि साडेचारनंतर गोटीही दुसऱ्या कोणाकडे राहायला तयार नसते. मॅडमना मी हे सगळं सांगितलं. मॅडम म्हणजे आमच्या लिफ्ट दुरुस्ती कंपनीच्या मुख्य. त्या चष्म्यावरून बघतात आणि समोरच्याचं बोलणं संपलं की "आणि मग?" असं विचारतात.

"चार वाजता मी निघेन," मी म्हटलं.

"आणि मग?"

"मग... काम दुसऱ्याला देईन."

"तू?" मॅडम हसल्या. "अगं, तू काम देतेस म्हणजे काय करतेस माहितीये? 'जरा ते बघाल का' असं लिहितेस. कोणी, काय, कधी बघायचं, काही पत्ता नसतो. तीन दिवसांनी ते काम तुझ्याच टेबलावर येऊन बसतं आणि तू सात वाजेपर्यंत त्याच्याशी बोलत बसतेस."

हे अगदी खरं होतं.

"एक काम नीट सोपवून दाखव," मॅडम म्हणाल्या. "लिफ्टमधल्या फोनच्या संदेशाचं. ते जमलं तर चार वाजता खुशाल जा, कायमचं. नाही जमलं, तर आपली नेहमीची वेळ. मधल्या आढाव्याला मी स्वतः येऊन बसणार आहे."

तो संदेश म्हणजे आमच्या कंपनीची लाज होती. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस धोक्याचं बटण दाबतो, फोन आमच्याकडे लागतो, आणि आमचा माणूस बोलायला येईपर्यंत एक रेकॉर्ड वाजते. कोण्या महाभागाने तिथे जाहिरात घातली होती. दोन मजल्यांच्या मध्ये लोंबकळणाऱ्या माणसाला एक खणखणीत आवाज सांगायचा, "आमच्यासोबत उंच जा!" गेल्या महिन्यात एका आजोबांनी तो आवाज ऐकून आमच्या दारात येऊन भांडायचंच बाकी ठेवलं होतं.

हे काम मामांना द्यायचं, हे मी मनाशी ठरवलं. मामा आमच्याकडचे सगळ्यात जुने तंत्रज्ञ. लिफ्टमधले सगळे फोन त्यांनीच बसवलेत. ते नात्याने कोणाचेच मामा नाहीत, पण मॅडमसकट सगळे त्यांना मामा म्हणतात. बोलण्याच्या बाबतीत इतके कंजूष, की लिफ्ट बंद पडली तर "अडकली" म्हणतात आणि चालू झाली की "सुटली".

रविवारी दुपारी गोटी माझ्या डाव्या खांद्यावर झोपली. तिला खाली ठेवलं की ती उठते, हे विज्ञानाने अजून सिद्ध केलं नसलं तरी घराघरात माहीत आहे. म्हणून मी उजव्या अंगठ्याने, फोनवर, आयुष्यातली पहिली नीट ई-मेल लिहिली.

विषय: लिफ्टमधला नवा संदेश, ही जबाबदारी तुमची

मामा,

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला, आपला माणूस फोनवर येईपर्यंत जो संदेश ऐकू येतो, तो नव्याने करायचा आहे. हे काम मी पूर्णपणे तुमच्याकडे सोपवते आहे.

हाती काय यायला हवं: अर्ध्या मिनिटाच्या आतला एक संदेश. तो ऐकून घाबरलेला माणूस शांत झाला पाहिजे आणि दार उघडायच्या भानगडीत पडता कामा नये. हे कसं साधायचं ते तुम्ही ठरवा.

कधीपर्यंत: शुक्रवारी दुपारी तीन.

तुम्ही स्वतः ठरवू शकता: शब्द, आवाज, संगीत हवं की नको, आणि कोणावर वापरून बघायचं. मला विचारल्याशिवाय करायचं नाही: खर्च, बाहेरच्या कोणाशी करार, आणि कंपनीच्या वतीने कसलंही आश्वासन. "पाच मिनिटांत माणूस पोचेल" असलं काही तर मुळीच नको. आपल्याला ते आधी माहीत नसतं.

मधली भेट: बुधवारी अकरा वाजता, माझ्या टेबलापाशी. तीन कच्चे नमुने आणा, अपुरे चालतील. तोवर मी मधे मधे विचारत बसणार नाही. पण अडलं तर बुधवारची वाट बघू नका, लगेच फोन करा.

वाचून "समजलं" एवढं कळवा.

वरच्या रकान्यात मी "मा" लिहिलं. फोनने पुढे "मामा" दाखवलं. मी ते दाबलं आणि मेल पाठवून दिली. गोटीने झोपेतच माझ्या खांद्यावर थोडंसं दूध काढलं. मी त्याला शुभशकुन मानलं.

अर्ध्या तासात उत्तर आलं. "समजलं. आपण दाखवलेल्या विश्वासाने ऊर भरून आला आहे. मर्यादांचं तंतोतंत पालन होईल. मामा."

मी थक्कच झाले. तोंडाने दोन शब्द न खर्चणारा माणूस लिहायला बसला की केवढा फुलतो!

सोमवारी जिन्यात मामा भेटले. विचारणार नाही असं मी लिहून बसले होते, पण जीभ राहते का? "काय मामा, जमतंय ना?"

मामांनी गालाला हात लावला. "जमतंय. शब्द जरा अडखळतात."

"अडखळू देत हो. बुधवारपर्यंत बसतील."

"बसायलाच हवेत," मामा म्हणाले आणि गेले. मी समाधानाने चार वाजता घरी गेले, तेही पाठीमागे न बघता.

बुधवारी पावणेअकराला मॅडम स्वतःची खुर्ची ढकलत माझ्या टेबलापाशी आल्या. मी मामांना हाक मारली. मामा हातात पाना घेऊन आले.

"आणलेत ना नमुने?" मी ऐटीत विचारलं.

"कसले?"

"संदेशाचे. मामा, मेल... तुम्ही 'समजलं' लिहिलंत..."

"मी?" मामा म्हणाले. "मी कुठं मेल बघतो?"

"मग सोमवारी जमतंय म्हणालात ते?"

मामांनी तोंड उघडून दाखवलं. सगळी बत्तिशी, निदान तिचा वरचा मजला, कोरा करकरीत होता. "कवळी," ते म्हणाले.

मॅडम चष्म्यावरून माझ्याकडे बघू लागल्या. माझ्या डोळ्यांपुढे पाळणाघराचं दार, ताईंचा कुलूपबंद चेहरा आणि दाराच्या काचेला नाक चिकटवलेली गोटी तरळली. एवढ्यात स्वागतकक्षातून अख्ख्या मजल्याला पुरेल असा आवाज आला.

"अकराला आमची भेट ठरली आहे! आधी पोचलोय, बसतो!"

तो आवाज मी पाळण्यात असल्यापासून ओळखते. मी फोन काढला, पाठवलेली मेल उघडली आणि वरची ओळ पहिल्यांदा वाचली. माझ्या फोनात ऑफिसातले मामा "ऑफिस मामा" आहेत. नुसता "मामा" म्हणजे माझा मामा. आईचा सख्खा धाकटा भाऊ.

माझ्या मामाला आमच्या खानदानात कोणी काम सांगत नाही. तो आळशी नाही. उलट तो फार करतो. आईने एकदा त्याला सोफ्याचं कव्हर शिवून आणायला पाठवलं, तर तो सोफाच बदलून आला. "कव्हरला शोभेल असा घेतला," म्हणाला. माझा नवरा इस्पितळात होता तेव्हा मामाला थर्मासभर चहा आणायला सांगितला, तर त्याने वॉर्डातल्या सगळ्यांच्या तक्रारी लिहून घेऊन डॉक्टरांची बैठक बोलावली. आई म्हणते, त्याला काम सांगण्यापेक्षा ते काम न झालेलं परवडतं.

आणि आता तो इस्त्रीचा शर्ट घालून, मामीला बरोबर घेऊन, माझ्या टेबलाच्या दिशेने चालत येत होता.

लपवायला जागाही नव्हती आणि वेळही नव्हता. "मॅडम," मी म्हटलं, "मेल चुकीच्या मामांना गेली. हे माझे खरे मामा. चूक माझी आहे, यांची नाही. आणि या मामांचीही नाही."

मॅडम एकदा कवळीवाल्या मामांकडे, एकदा शर्टवाल्या मामाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "यात नक्की मामा कोणाचा झाला?"

"माझाच," मी म्हटलं.

माझ्या मामाचा चेहरा मात्र उतरला. तो फोन छातीशी धरून उभा राहिला. "म्हणजे... हे काम मला नव्हतंच?"

"मी म्हणत होते ना," मामी म्हणाली. "आपल्याला कोण सोपवतंय काही! चला घरी."

तिचं ते "चला घरी" मला लागलं. सगळ्या नातेवाइकांनी मिळून त्याला गेली कित्येक वर्षं काहीही सांगितलं नव्हतं, त्यात मीही होते.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "मेल दाखव बरं." मी फोन पुढे केला. त्यांनी ती वाचली. वाचताना ओठ हलत होते. मग त्यांनी मामाला विचारलं, "तुम्ही काय काय केलंत?"

"लिहिलंय तेवढंच!" मामा उसळला. "खर्च नाही, करार नाही, आश्वासन नाही. शब्द, आवाज, संगीत आणि माणूस मी ठरवला."

"कुठला माणूस?"

"ही." त्याने मामीकडे बोट केलं.

मामीने पदर खोचून खुर्ची ओढली. "मी सांगते. ह्यांना बोलू दिलं तर चार वाजतील. तर हे म्हणाले, अडकलेल्या माणसावर वापरून बघायला हवं. म्हणून मला फोन देऊन न्हाणीघरात घातलं आणि बाहेरून कडी लावली. पाच मिनिटांचा प्रयोग. आणि ती कडी बसली अडकून! काही केल्या निघेना."

"अडकली," ऑफिसमामा पुटपुटले. त्यांना प्रथमच विषयात रस वाटू लागला होता.

"मग?" मॅडम म्हणाल्या. एरवी त्या "आणि मग?" म्हणतात. यावेळी "आणि" म्हणायलाही त्या थांबल्या नाहीत.

"मग काय! मी आत, हे बाहेर, आणि फोनवर ह्यांचे नमुने. वाजवा हो पहिला."

मामाने फोन टेबलावर ठेवला. त्यातून गडगडाट झाला: "घाबरू नका! काहीही झालं तरी घाबरू नका!"

"तोवर मी घाबरले नव्हते," मामी म्हणाली. "हे ऐकल्यावर वाटलं, ह्यांना काहीतरी माहीत आहे जे मला माहीत नाही. दुसरा वाजवा."

दुसऱ्यात मागे बासरी होती. तिच्यावरून मामाचा आवाज संथपणे घरंगळत आला: "मित्रहो, जीवनात चढउतार असायचेच. लिफ्टही याला अपवाद कशी असेल..."

"इथे मी तांब्या हातात घेतला," मामी म्हणाली. "म्हटलं, दार उघडलं की पहिला ह्यांच्या टाळक्यात."

मॅडमचे खांदे हलत होते. मीही ओठ चावून धरले होते.

"आता तिसरा," मामा म्हणाला, पण त्याचा आवाज एकदम लहान झाला. "हा मी तयार केला नव्हता. म्हणजे तिला आत ठेवताना दोनच तयार होते. सुताराला फोन केला, तो म्हणाला निघतो. ही आतून ओरडतेय, 'अहो, किती वेळ?' मी म्हणणारच होतो, आलाच पाच मिनिटांत. सवयीने. आणि तुझी मेल आठवली. आपल्याला ते आधी माहीत नसतं. खरंच माहीत नव्हतं ना मला! मग बोलायचं काय? जेवढं खात्रीनं ठाऊक होतं तेवढंच बोललो. आणि ते बोलताना रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं."

त्याने बटण दाबलं. मागे ठोकाठोक चालू होती. मामी आतून दार ठोकत असावी. आणि त्यात मामाचा आवाज, बासरी नाही, गडगडाट नाही, आमच्या घरातला रोजचा:

"तुझी हाक ऐकू आली. दार ओढू नको, ढकलू नको. वरच्या खिडकीतून हवा येतेय. बस खाली हवं तर. फोन ठेवू नको. मी या बाजूला आहे."

मामाने रेकॉर्डिंग बंद केलं.

"याला मी खाली बसले," मामी म्हणाली. "तांब्या पण ठेवला."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग त्या कामाच्या आवाजात म्हणाल्या, "लिफ्टमध्ये हवा येते ना, मामा? हे खरं आहे ना?"

"कुठला मामा?" दोघेही म्हणाले.

"पाना असलेले."

"भोकं असतात," ऑफिसमामा म्हणाले. "वर आणि खाली. हवा खेळती राहते." मग त्यांनी माझ्या मामाच्या फोनकडे हनुवटीने दाखवलं आणि आजवर मी ऐकलेलं त्यांचं सगळ्यात लांब भाषण केलं. "शब्द बरोबर आहेत. आवाज चालणार नाही. भारदस्त आवाज त्या डबड्यातून फाटतो. बारीक आवाज पाहिजे, स्पष्ट."

माझ्या मामाने फोन उचलून परत छातीशी धरला. चाळीस वर्षं तो प्रत्येक लग्नात माईकपाशी पहिला पोचलाय. मी बघत होते. आवाज कुठला, हे ठरवायचा अधिकार मेलमध्ये मी त्यालाच दिला होता. तो "माझाच" म्हणाला असता तर मला आता त्याला अडवावं लागलं असतं, मॅडमसमोर, आणि मग ती मेल म्हणजे नुसतेच शब्द ठरली असती. मी हात टेबलाखाली धरून त्यालाच ठरवू दिलं.

"आवाज माझ्या अखत्यारीत येतो," मामा शेवटी म्हणाला. "मी हिचा ठरवतो."

"माझा?" मामी किंचाळली. आवाज बारीक होता आणि स्पष्टही होता.

"हा चालेल," ऑफिसमामा म्हणाले.

मॅडम उठल्या, खुर्ची ढकलू लागल्या. मी मागोमाग गेले. "मॅडम, माझं चार वाजता..."

"ऑफिसचं काम घरच्या माणसाला गेलं, ही चूक लहान नाही," त्या म्हणाल्या. "यात गुपित काही नव्हतं म्हणून निभावलं. पाठवायच्या आधी वरची ओळ वाचायची, आणि फोनात या मामांची नावं नीट कर." मग थांबल्या. "पण ज्या माणसाला लिफ्टमधलं काही कळत नाही आणि ज्याला घरातलं कोणी काही सोपवत नाही, त्याने एवढ्याशा मेलवर काम केलं. तुला फोन करून एकदाही विचारलं नाही. तुलाही मधे मधे बोलायला लागलं नाही."

"जिन्यात एकदा विचारलं मी. पण चुकीच्या मामांना."

"आणि मग?"

"मग कवळी जमत होती."

मॅडम हसत हसत निघून गेल्या. चार वाजता जा असं त्या म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "शुक्रवारी तीनला बघू."

मी लगेच दुसरी मेल लिहिली, यावेळी दोन्ही हातांनी, टेबलावर. संदेशाचे मालक माझे मामाच राहतील. एका कामाला दोन मालक नकोत. ऑफिसमामांनी फक्त आमच्या यंत्रावर मामीचा आवाज रेकॉर्ड करून द्यायचा आणि एका लिफ्टमध्ये लावून वाजवून बघायचा. वरची ओळ मी तीनदा वाचली. मग ऑफिसमामांच्या टेबलापाशी जाऊन त्यांच्यासमोर ती मेल उघडून दिली, कारण ते मेल बघत नाहीत हे आता मला कळलं होतं.

"समजलं," ते म्हणाले.

शुक्रवारी तीनला आम्ही सगळे आमच्या मजल्यावर लिफ्टपाशी जमलो. ऑफिसमामांनी आमचीच लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबवली, आत मॅडम आणि माझा मामा. आम्ही बाहेरून कान लावले. धोक्याची घंटा वाजली आणि मग मामीचा बारीक, स्पष्ट, किंचित वैतागलेला आवाज आला:

"तुमची हाक ऐकू आली आहे. दार ओढू नका, ढकलू नका. आत हवा येते आहे. खाली बसलात तरी चालेल. फोन ठेवू नका. आम्ही या बाजूला आहोत."

आतून माझ्या मामाचा आवाज: "मॅडम, तुम्ही बसलात का?"

"बसले," मॅडमचा आवाज आला. "छान वाटतंय. जरा वेळाने काढा."

चार वाजता लिफ्ट अजून मध्येच होती, कारण मॅडम आत बसून मामाकडून सोफ्याची गोष्ट ऐकत होत्या. निघताना मी दाराला तोंड लावून ओरडले, "मॅडम, चार वाजले!"

"आणि मग?" आतून आलं.

"मग मी निघते!"

"निघ! सोमवारी ये! आणि चारचं आता परत विचारू नकोस!"

मी जिन्यानेच उतरले.

घरी आल्यावर गोटीला पाळण्यात ठेवून मी स्वयंपाकघरात तिचं भाताचं पातेलं चढवायला गेले. पातेल्याचं झाकण सापडायच्या आत आतून सायरन सुरू झाला. हात ओले, गॅस चालू. एरवी मी अशा वेळी "आलेच, आलेच, एका मिनिटात आले" म्हणते. ते एक मिनिट नसतं, हे गोटीलाही ठाऊक आहे.

"गोटी," मी हाक मारली. "तुमची हाक ऐकू आली आहे."

रडणं थांबलं. ती ऐकत होती.

"कठडा ओढू नका, ढकलू नका. आत हवा येते आहे. मी या बाजूला आहे."

आतून धप्पकन आवाज. बहुतेक बसली. मग पाळण्यातून खुळखुळा बाहेर भिरकावला गेला, तो थेट स्वयंपाकघराच्या दारात येऊन पडला, आणि सायरन पहिल्यापेक्षा वरच्या पट्टीत सुरू झाला.

मी गॅस बारीक केला आणि त्या बाजूला गेले.